दोषी सापडला की शोध संपतो

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय होता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा. उन्हाळ्यात एवढे पैसे खर्च करून काम केलं आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत पुन्हा ओल आली. झालं! सभा सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोवर प्रश्न आलाच. "हे कुणी केलं? आधी त्याचं नाव सांगा, मग पुढचं बोलू."

मी तोंड उघडणार तेवढ्यात एक गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमची ती बिनदोषाची चौकशी आता पुरे. दरवेळी सगळ्यांना पाठीशी घालायचं म्हणजे काय? जबाबदारी नावाची काही चीज आहे की नाही?"

सभेत मी गप्प बसले. छत्तीस वर्षं वर्गात बोलून झाल्यावर माणसाला एवढं कळतं, की तापलेल्या वर्गात उत्तर द्यायचं नसतं. पण घरी आल्यावर काही चैन पडेना. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. त्या गृहस्थांना लिंक पाठवणारच आहे :-)

आधी माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. एखादं काम फसल्यावर जी मंडळी पहिल्यांदा दोषी शोधतात, तीच खरी जबाबदारी टाळत असतात. कारण दोषी सापडला की शोध संपतो, आणि काम ज्यामुळे फसलं ते कारण जागच्या जागी राहतं.

आता हे कशावरून म्हणते, ते सांगते. पण त्यासाठी २०२३ सालातल्या आमच्या खताच्या टाक्यांकडे जावं लागेल.

आमच्या सोसायटीत साठ फ्लॅट. रोजचा ओला कचरा साधारण तीस किलो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही मागच्या बाजूला जाळीच्या विटांच्या चार टाक्या बांधल्या, वर पत्रा टाकला आणि ओल्या कचऱ्याचं खत करायला लागलो. पद्धत सोपी होती. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर चुरलेल्या वाळक्या पानांचा एक थर. पानांमुळे दोन गोष्टी होतात. कचऱ्यातलं जास्तीचं पाणी ती शोषून घेतात, आणि मध्ये पोकळी राहून हवा खेळती राहते. हवा असेल तर कचरा तापतो आणि कुजून खत होतो. हवा नसेल तर तो सडतो. कुजणं आणि सडणं यातला फरक नाकालाही कळतो. कुजणाऱ्या ढिगाला पावसानंतरच्या मातीचा वास येतो, आणि सडणाऱ्याला गटाराचा.

फेब्रुवारी ते जून सगळं छान चाललं. पहिल्या टाकीचं खत चाळून बागेत घातलं, फोटो काढले, ग्रुपवर टाळ्यांचे हात आले. जुलैत वास यायला लागला. एकवीस जुलैला पहिल्या मजल्यावरून तक्रार आली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अळ्या पार्किंगपर्यंत आल्या. तेरा ऑगस्टला विशेष सभा बोलावली. त्या सभेत दोषी सापडायला अर्धा ताससुद्धा लागला नाही. टाक्या भरणाऱ्या सफाईच्या मावशी! त्या पानांचा थर टाकत नव्हत्या, हे दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आणखी काय हवं? मावशींच्या पगारातून पंधराशे रुपये कापायचे आणि प्रकल्प बंद करायचा, असा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होते. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्या रात्री माझ्या मनात सारखी एक वजाबाकी येत होती. बावन्नमधून सतरा गेले. प्राथमिकला शिकवलेल्या प्रत्येकाला हे माहीत असेल, की वर्गात चार-दोन मुलं याचं उत्तर ४५ देतात. "लक्ष कुठे आहे तुझं?" म्हणून आपण त्यांच्या वहीवर लाल फुली मारतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही तेच करत होते. मग एकदा एका मुलाला जवळ बसवून विचारलं, "हे कसं केलंस ते मला सांग बरं." तो म्हणाला, "पाचातून एक गेला चार. साताातून दोन गेले पाच." त्याच्या लेखी मोठ्यातून लहान वजा करायचं असतं. अंक वर आहे की खाली, याला महत्त्व नाही. म्हणजे पोराचं लक्ष अगदी ठिकाणावर होतं. तो एक नियम पाळत होता, फक्त तो नियम चुकीचा होता, आणि तो त्याच्या डोक्यात माझ्याच शिकवण्यातून शिरला होता. कारण हातचा घ्यायला लागत नाही अशी गणितं मी महिनाभर दिली, त्या गणितांत त्याचा नियम बिनचूक चालला. फुल्या मारून तो नियम कधीच सापडला नसता. "कसं केलंस?" असं विचारल्यावर एका मिनिटात सापडला.

मावशींना "कसं केलंत?" असं कुणीच विचारलं नव्हतं. "का नाही केलंत?" एवढंच विचारलं होतं. त्या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "का नाही केलंत?" म्हटलं की माणूस बचाव करतो किंवा मान खाली घालतो. मावशींनी मान खाली घातली होती.

माझा भाचा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. गणपतीच्या तयारीसाठी फोन झाला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की याच्यासाठी वेगळी मीटिंगच असते. ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात." नाव ऐकून मला हसूच आलं. पण तासभर त्याच्याकडून समजून घेतलं आणि मग सेक्रेटरींच्या मागे लागले, की प्रकल्प बंद करा हवा तर, पण तो का फसला हे तरी एकदा नीट पाहू. ते बिचारे कंटाळून हो म्हणाले. दहा सप्टेंबरचा रविवार ठरला.

बैठकीच्या आधीच एक अट घातली होती. मावशींचे कापलेले पंधराशे रुपये आधी परत द्यायचे. यावरून बरीच वादावादी झाली. "चौकशी व्हायच्या आधीच निर्दोष?" असं म्हणाले लोक. मी म्हटलं, निर्दोष की दोषी हा प्रश्नच या बैठकीत घ्यायचा नाही. पण जिचा पगार कापलाय ती बाई तुमच्यासमोर खरं बोलेल अशी अपेक्षा कशी करता? आणि या बैठकीत जे निघेल त्यावरून कुणाचाही पैसा कापला जाणार नाही, हे सेक्रेटरींनी लिहून द्यायचं. तोंडी आश्वासनाला आपल्याकडे काय किंमत असते, ते मावशींना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग बैठकीचे नियम. मी सवयीप्रमाणे फळ्यावरच लिहिले. पहिला नियम असा, की प्रत्येकाने येताना आपापला कागद आणायचा. त्यावर तारखा, त्या दिवशी मला काय दिसलं, मला काय माहीत होतं आणि मी काय केलं, एवढंच. हे घरी बसून, दुसऱ्याचं न ऐकता लिहायचं. नाहीतर पहिला माणूस जी गोष्ट सांगतो, तीच सगळ्यांची आठवण होऊन बसते. मावशींचा कागद त्यांच्या मुलीने लिहून दिला. दुसरा नियम, "करायला हवं होतं" हे शब्द बंद. कारण जे घडलंच नाही त्याची चर्चा करून जे घडलं ते कळत नाही. तिसरा नियम, ज्याचा अधिकार सगळ्यात कमी, त्याने सगळ्यात आधी बोलायचं. आधी मावशी, मग वॉचमन, मग सुपरवायझर, मग आम्ही सभासद, आणि सेक्रेटरी सर्वांत शेवटी. साहेब आधी बोलला की खालचा माणूस साहेबाच्या मताशी जुळेल तेवढंच बोलतो. हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे.

अध्यक्ष मी होते. भाच्याने बजावलं होतं, की बैठक चालवणारा माणूस त्या कामात गुंतलेला नसावा. मी खताच्या समितीत नव्हते, तेव्हा मला वाटलं माझ्यासारखी तटस्थ मीच. पुढे काय झालं ते ऐकाच.

सगळ्यांचे कागद एकत्र करून फळ्यावर तारखांची ओळ तयार केली. ग्रुपवरचे जुने मेसेज काढले, वॉचमनची वही आणली. तासाभरात चित्र असं दिसायला लागलं. दोन जुलैला पानांचं शेवटचं पोतं संपलं. सहा जुलैला मावशींना वास आला आणि त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, "पाला संपला." सुपरवायझर एक जुलैपासून नवा आलेला. नव्या कंत्राटदाराचा माणूस. पाला हा या कामाचा भाग आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो म्हणाला, "बघू." मावशींनी मग आपल्या मनाने रद्दी पेपर टाकून पाहिले. पावसाची झड जाळीतून आत येत होती, त्यात पेपरांचा लगदा झाला, आणि उरलीसुरली हवाही बंद झाली. टाकीच्या तळाशी पाणी जायला भोक होतं, तेही त्या लगद्याने बुजलं. म्हणजे ज्यांनी "मावशी पानं टाकत नाहीत" असं पाहिलं, त्यांनी खरंच पाहिलं होतं. फक्त टाकायला पानंच नव्हती, हे त्यांना दिसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या ओळीत दिसली. चोवीस जूनला समितीतल्या एकाने ग्रुपवर लिहिलं होतं, "पोती संपत आली आहेत, काय करायचं?" त्याच्या खाली सुप्रभातचे सात मेसेज आणि एक वाढदिवस. उत्तर कुणाचंच नाही.

मग मी विचारलं, "पण मे महिन्यात तर मी पोत्यांची रास पाहिली होती. ती एवढ्यात कशी संपली?"

कुणी काही बोलेना. वॉचमनने मावशींकडे पाहिलं, मावशींनी फरशीकडे. शेवटी मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, वीस पोती तुम्हीच न्यायला सांगितली व्हती ना. जिन्याजवळची."

अगदी खरं होतं. मे महिन्याच्या शेवटी माझ्या जिन्याजवळ पोत्यांची थप्पी लागली होती. डास होतात, कुणी विडी टाकली तर पेट घेईल, असं म्हणून मी वॉचमनला चांगलं झापलं होतं आणि "आजच्या आज गाडीत भरून दे" असं सांगितलं होतं. त्यात काय आहे याची चौकशीसुद्धा मी केली नव्हती. आणि नंतर ते साफ विसरले होते. ज्या मावशींचे पैसे कापायला मी हात वर केला, त्या मावशींना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेरा ऑगस्टच्या सभेत, पगार कापला जात असताना, त्यांनी माझं नाव घेतलं नाही. का घेतील? म्हाताऱ्या मास्तरीणबाईचं नाव घेतलं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता का?

मी खडू सेक्रेटरींच्या हातात दिला आणि जाऊन इतरांबरोबर बसले. आता मी अध्यक्ष राहू शकत नव्हते.

आता मंडळी, इथेच खरा मुद्दा आहे. तुम्ही म्हणाल, सापडली की दोषी! खरी गुन्हेगार बाईच. त्या दिवशी एकाने तसं हसत हसत म्हटलंही. मलाही क्षणभर तसंच वाटलं. खरं सांगायचं तर, दोष स्वतःकडे घेऊन डोळ्यांत पाणी आणणं फार सोपं असतं, आणि त्यातही एक प्रकारचं समाधान असतं. पण आमच्यातल्या एका मुलीने, ती कॉमर्सची विद्यार्थिनी आहे, फळ्यावर साधा हिशेब मांडला. तीस किलो ओल्या कचऱ्याला रोज साधारण एक पोतं पाला लागतो. जून ते सप्टेंबर हे दिवस होतात एकशे बावीस. म्हणजे पावसाळ्याला एकशे बावीस पोती हवीत, कारण पावसात नवा वाळका पाला मिळत नाही. आमच्याकडे एकतीस मेला होती बावन्न. त्यातली वीस मी घालवली, राहिली बत्तीस, ती दोन जुलैला संपली. मी एकही घालवलं नसतं तर बावन्न पोती बावीस जुलैला संपली असती. अळ्या ऑगस्टच्या सुरुवातीला आल्या, त्याऐवजी ऑगस्टच्या शेवटी आल्या असत्या!

म्हणजे प्रकल्प मावशींमुळे फसला नव्हता आणि माझ्यामुळेही नाही. तो फेब्रुवारीतच फसलेला होता. पावसाळ्यासाठी पाला किती लागेल, हा एक भागाकार-गुणाकार साठ घरांतल्या एकाही सुशिक्षित माणसाने केला नव्हता. पानगळीच्या दिवसांत सुरू केल्यामुळे पाला जमिनीवर फुकट पडलेला होता, म्हणून तो कधी संपेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हातच्याशिवायच्या वजाबाकीसारखंच हे. सोप्या दिवसांत चुकीचा नियमही बरोबर उत्तर देतो.

मावशींना दोषी धरून आम्ही पुढच्या वर्षी दुसऱ्या मावशी आणल्या असत्या. मला दोषी धरलं असतं तर जिन्याजवळ "पोती हलवू नयेत" अशी पाटी लावली असती. दोन्ही वेळा पुढच्या जुलैत तोच वास आला असता.

सभेत नेहमी ऐकायला मिळणारा एक दाखला आहे. रविवारीही निघाला. दहा ऑगस्ट १९७९ ला आपलं एसएलव्ही-३ हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं आणि ३१७ सेकंदांत त्याचा खेळ संपून ते समुद्रात पडलं. अब्दुल कलाम प्रकल्पाचे संचालक, आणि इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पत्रकारांसमोर पाठवलं. "असा नेता पाहिजे," असं म्हणून लोक ही गोष्ट संपवतात.

गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण ती अर्धी आहे. धवनांनी दोष अंगावर घेतल्यामुळे रॉकेट दुरुस्त झालं नाही. त्यामुळे आतल्या माणसांना शांतपणे शोधायला मोकळीक मिळाली, आणि रॉकेट त्या शोधाने दुरुस्त झालं. त्या शोधात काय निघालं? दुसऱ्या टप्प्याला दिशा देणारी यंत्रणा चाललीच नाही. का? तिला लागणारं नायट्रिक आम्ल बरंचसं गळून गेलं होतं, त्यामुळे गरज पडली तेव्हा नुसतं इंधन आलं आणि जोर शून्य. आम्ल का गळलं? उड्डाणाच्या आठ मिनिटं आधी उघडलेली एक झडप आत कचरा अडकल्यामुळे पुन्हा मिटली नाही. एवढं खाली जाईपर्यंत ते थांबले नाहीत.

आता विचार करा. कलामांनी पुढे स्वतः सांगितलंय, की उलटमोजणीत संगणकाने उड्डाण रोखून धरलं होतं आणि तज्ज्ञांचा सल्ला घेऊन ते पुढे न्यायचा निर्णय त्यांनी घेतला. केवढा आयता दोषी! आमच्या सोसायटीची सभा असती तर अर्ध्या तासात ठराव झाला असता. कलाम घरी गेले असते, आणि झडपेत अडकलेला कचरा पुढच्या रॉकेटच्या झडपेतही अडकला असता.

आता त्या गृहस्थांच्या आक्षेपाकडे येते. "मग काय, कुणी काहीही करावं आणि सुटावं?"

नाही. अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे. वैमानिकाच्या हातून चूक झाली तर तो ती नासाला कळवतो. परवाना देणाऱ्या-काढणाऱ्या खात्याला नव्हे, नासाला. नाव गुप्त राहतं आणि अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल त्याला शिक्षेतून सवलत मिळते. पण जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला आणि गुन्ह्याला त्यात जागा नाही. तीच रेघ आपणही ओढावी. वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराने चार डब्यांचं बिल लावून दोनच वापरले असतील, तर ती चोरी आहे. तिथे वकील बोलवा, मला नका बोलवू. पण चोरी झाली की नाही हे सभेत ओरडून कळत नाही. त्यासाठीसुद्धा आधी कोणत्या दिवशी काय झालं, हे शांतपणे मांडावंच लागतं.

आणि जबाबदारीचं म्हणाल, तर ती झालेल्या चुकीची वाटून काय उपयोग? ती पुढच्या कामाची वाटायची असते. आमच्या बैठकीतून "सर्वांनी काळजी घ्यावी" असलं एकही वाक्य बाहेर पडू दिलं नाही. सर्वांनी म्हणजे कुणीच नाही. आम्ही चारच गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एक नाव आणि एक तारीख. एकतीस मेला पोती मोजायची, एकशे बावीसला जेवढी कमी पडतील तेवढ्याचं कोकोपीट विकत घ्यायचं, त्यासाठी बजेटात रक्कम. पश्चिमेच्या बाजूने पत्रा दीड फूट पुढे काढायचा. सुपरवायझर बदलला की आठ दिवसांत त्याला टाक्यांवर नेऊन काम दाखवायचं. आणि वास आला तर मावशींनी सुपरवायझरला न विचारता थेट समितीतल्या एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा. फोन आल्यावर त्याने पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंत" असंच म्हणायचं, हेही लिहिलं. हसू नका, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बातमी आणणाऱ्याला एकदा झापलं की पुढची बातमी अळ्याच आणतात.

याच्या उलटही एक प्रकार असतो आणि तो मला तितकाच नापसंत आहे. "जाऊ दे हो, झालं गेलं गंगेला मिळालं, कशाला कुणाला दुखवायचं?" याला लोक मोठेपणा समजतात. पण यातही वजाबाकी चुकलेलीच राहते, फक्त फुली मारलेली नसते. दोष न देणं म्हणजे नाव न घेणं नव्हे. माझं नाव घेतलं गेलं म्हणून वीस पोत्यांचा उलगडा झाला. नाव घेता आलं पाहिजे, आणि ज्याचं नाव घेतलं त्याला "हो, मी केलं, त्या वेळी मला असं वाटलं होतं" असं म्हणता आलं पाहिजे, यासाठीच तर एवढे नियम.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टाक्या पुन्हा सुरू केल्या. आता मावशी रोज लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवतात आणि थोड्या वेळाने काढून हात लावून पाहतात. चांगली गरम लागली तर ठीक, गार लागली तर काहीतरी बिघडलंय. मुठीत घेऊन पिळलं तर दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये. त्या वर्षीच्या जुलैत एका सकाळी सळई गार लागली. त्यांनी फोन केला. तळाचं भोक बुजलं होतं, ते उघडलं, कोकोपीट मिसळलं, तीन दिवसांत ढीग पुन्हा तापला. पहिल्या मजल्यावर वास गेलाच नाही. आमचं सगळंच साधलं असं मी म्हणणार नाही. अजूनही काही घरांतून ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक येतं, आणि पत्रा दीड फुटाऐवजी एकच फूट पुढे आलाय. पण तेच खापर पुन्हा कुणाच्या डोक्यावर फुटलेलं नाही.

तेव्हा गच्चीच्या बाबतीत माझी सूचना एवढीच. काम झालं त्या आठवड्यात काय काय झालं, ते आधी फळ्यावर मांडू. गच्चीचा उतार आधी कुणी पाहिला होता का, केमिकल वाळायला किती दिवस दिले, पाणी साठवून तपासणी केली होती का आणि किती वेळ, त्यानंतर डिशची अँटेना बसवायला कुणी भोकं पाडली का. जो गच्चीवर राबला तो मजूर आधी बोलेल, सेक्रेटरी शेवटी. आणि अध्यक्ष मी नको, कारण माझा मुलगा मे महिन्यात गच्चीवर पापड वाळवायला म्हणून एक जड लोखंडी बाज घेऊन गेला होता, ती त्याने ओढत नेली की उचलून, हे मला ठाऊक नाही. त्याला आधीच सांगून ठेवलंय, कागद लिहून आण म्हणून.

मावशींचे पंधराशे रुपये परत केले, पण मी हात वर केला होता ते काही परत घेता येत नाही. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या बाई, तुम्हाला कुठं म्हाइत व्हतं." बघा, दोष न देता आढावा कसा घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

असो. रविवारच्या सभेला या आणि आपापला कागद घेऊन या.